समीकरणं पहिल्यांदा शिकवताय? मुलांच्या डोक्यावरचा भार कमी करणारी कार्यपत्रिका अशी बनवा

आठवीच्या वर्गावर तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, किंवा संध्याकाळच्या शिकवणीत बीजगणिताचा एक गट तुमच्याकडे आला आहे, असं धरून हे लिहिलं आहे. धडा आहे एका चलातील समीकरणांचा. तुम्ही फळ्यावर दोन उदाहरणं सोडवून दाखवता, सगळे माना डोलावतात, मग सरावसंच देता आणि थोड्याच वेळात अर्धा वर्ग शेजारच्याच्या वहीत डोकावू लागतो. अशा वेळी ‘पोरांचं लक्ष नाही’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण बऱ्याचदा दोष आपण धडा कसा मांडला त्यात असतो, आणि तो दुरुस्त करता येतो.

या मांडणीमागे ज्याला कॉग्निटिव्ह लोड थिअरी म्हणतात तो सिद्धांत आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन स्वेलर यांनी तो १९८०च्या दशकात मांडायला घेतला. आपण एखाद्या गोष्टीवर विचार करत असतो तेव्हा ती ज्या स्मृतीत असते, तिला कार्यकारी स्मृती म्हणू. तिच्यात नवी माहिती फार थोडी मावते. चारेक सुट्या गोष्टी, आणि त्यांवर काही क्रिया करायची असेल तर त्याहूनही कमी. आधी शिकून पक्कं झालेलं मात्र कितीही मोठं असलं तरी तिथे एकच गोष्ट म्हणून येतं. म्हणून जे समीकरण तुम्हाला एका नजरेत दिसतं, ते मुलासमोर सात-आठ तुकड्यांत उभं राहतं.

स्वेलर यांचं १९८८ सालचं म्हणणं आपल्या कामाचं आहे. नवशिका गणित सोडवतो तेव्हा तो उत्तराकडे बघून मागे येतो: मला काय हवंय, आत्ता काय आहे, दोघांत फरक काय, तो कमी करायला काय करू. एवढं सगळं एकाच वेळी धरून ठेवण्यात त्याची जागा संपते. उत्तर कधी कधी येतंही, पण रीत लक्षात राहायला डोक्यात जागाच उरलेली नसते. याच कारणामुळे खाली सराव कमी आणि सोडवलेली उदाहरणं जास्त दिली आहेत.

काय काय लागेल

पाठ्यपुस्तकातला हा धडा, मागच्या वर्षीच्या किंवा दुसऱ्या तुकडीच्या दोन-चार वह्या (चुका बघायला), प्रत्येक मुलासाठी पाठपोट छापलेला एक कागद, आणि उभी रेघ मारून दोन भाग केलेला फळा. प्रोजेक्टर नसला तर काही बिघडत नाही. दोन तास हाताशी ठेवा, एका तासात हे होत नाही.

१. आधी पाच मिनिटांची चाचणी

पहिल्या तासाच्या सुरुवातीला फळ्यावर एवढंच लिहा: −6 + 5 किती? 3(x − 2) चा कंस सोडवा. x + 7 = 12 तर x किती? गुण देऊ नका, कागद गोळा करा आणि तीन गठ्ठे करा.

यातली पहिली दोन उत्तरं ज्यांची अडखळतात, त्यांना आज कंसाचं समीकरण देण्यात अर्थ नाही. ऋण संख्यांची बेरीज ज्याला विचार करून करावी लागते, त्याची अर्धी जागा तिथेच जाते. समीकरणाची मूळ अवघडता तुम्हाला बदलता येत नाही, पण कोणत्या दिवशी किती अवघडता समोर ठेवायची हे तुमच्या हातात असतं. अशी मुलं वर्गात बरीच निघाली तर पहिला तास ऋण-धन बेरजा आणि कंस सोडवणं यांनाच द्या, समीकरण हा शब्दही काढू नका. ‘पोर्शन मागे पडेल’ ही भीती खरी आहे, पण तो तास पुढे वसूल होतो.

२. उदाहरणातले तुकडे मोजा

आता मुलांसमोर ठेवायचं उदाहरण घ्या: 3(x − 2) + 5 = 14. नवख्या मुलाला यात काय काय सांभाळायचं असतं ते कागदावर लिहून काढा. कंसाबाहेरच्या 3 ने आतल्या दोन्ही पदांना गुणायचं. वजाचं चिन्ह सोबत न्यायचं. −6 आणि 5 हीच दोन पदं एकत्र करायची, 3x त्यांत मिसळायचं नाही. दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या. शेवटी x एकटा उरायला हवा हेही विसरायचं नाही. आणि या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, एक चुकली की पुढचं सगळं चुकतं. इंग्रजीतले वीस नवे शब्द पाठ करणं कष्टाचं असलं तरी प्रत्येक शब्द सुटा असतो. इथे तसं नाही, म्हणून भार जास्त.

यावर उपाय म्हणजे क्रम. आधी x + 5 = 14, मग 3x = 15, मग 3x − 1 = 14. ही तीन पक्की झाली की कंसाच्या उदाहरणातल्या शेवटच्या दोन ओळी मुलाला नव्या राहत नाहीत. नवा राहतो तो फक्त कंस आणि त्यानंतरची बेरीज. या कागदावर आपण तेवढंच शिकवणार आहोत.

३. पहिलं उदाहरण पूर्ण सोडवून छापा

कागदाच्या वरच्या भागात हे असं यायला हवं:

```
3(x − 2) + 5 = 14
3x − 6 + 5   = 14    3 ने x ला आणि 2 ला, दोघांनाही गुणलं
3x − 1       = 14    −6 + 5 = −1
3x           = 15    दोन्ही बाजूंत 1 मिळवला
x            = 5     दोन्ही बाजूंना 3 ने भागलं
```

यात तीन गोष्टींकडे लक्ष द्या. बरोबरची चिन्हं एकाखाली एक आहेत. एका ओळीत एकच क्रिया आहे. आणि कारण त्या ओळीच्या शेजारीच आहे. पुष्कळ मार्गदर्शकांत गणित वर आणि स्पष्टीकरण खाली परिच्छेदात असतं, नाहीतर ‘(i) वरून’ असं लिहिलेलं असतं. मग मूल वर बघतं, खाली बघतं, कुठली ओळ कुठल्या वाक्याची ते जुळवत बसतं. हे जुळवण्याचं काम गणिताचं नाही, आपण उगाच वाढवलेलं आहे. विभागलेल्या लक्षाचा हा परिणाम भूमितीत तर जास्तच दिसतो, म्हणून कोनांची मापं आकृतीबाहेर यादीत न देता आकृतीतच लिहावीत.

एक सापळा इथे जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या तोंडून निघतो: ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं.’ ज्याला समीकरण येतं त्याच्यासाठी हा उत्तम आडवाटेचा रस्ता आहे. पण नवख्या मुलाला त्यातून 3x = 15 वरून x = 15 − 3 असंही दिसतं, कारण 3 ने बाजू बदलली ना! पहिल्या आठवड्यात ‘दोन्ही बाजूंत मिळवू’ आणि ‘दोन्ही बाजूंना भागू’ हीच भाषा ठेवा. आडवाट मुलं स्वतःच शोधतात.

ताळा मुद्दामच वर छापलेला नाही. x च्या जागी 5 ठेवून पाहणं ही एक वेगळी रीत आहे आणि ती पहिल्याच उदाहरणाला चिकटवली तर ओझं वाढतं. पहिल्या दोन उदाहरणांचा ताळा तुम्ही फळ्यावर करून दाखवा, तिसऱ्यापासून मुलांना करायला सांगा.

४. त्याच्याच शेजारी त्याच बांधणीचं एक गणित

सोडवलेल्या उदाहरणाच्या लगेच खाली 2(x − 4) + 3 = 9 हे गणित द्या. बांधणी तीच, आकडे वेगळे. स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत हीच पद्धत होती: एक सोडवलेलं उदाहरण, मग लगेच तसंच एक सोडवायला. नुसती गणितंच सोडवत बसलेल्या मुलांपेक्षा या मुलांना शिकायला वेळ कमी लागला, आणि नंतर तशाच गणितांत त्यांच्या चुकाही कमी झाल्या. वेगळ्या बांधणीच्या गणितांत मात्र तो फायदा दिसला नाही, हे सांगायलाच हवं.

जोडी का, चार उदाहरणं आधी आणि चार गणितं नंतर का नाही? कारण पुढे लगेच तसंच करायचं आहे हे माहीत असलं की मूल उदाहरण खरोखर वाचतं. एरवी ते वहीत सुबकपणे उतरवून घेतं. उतरवताना हात चालतो आणि डोकं दुसरीकडे असतं. म्हणून उदाहरण वहीत उतरवून घ्या असं सांगूच नका, ते छापून हातात द्या आणि एकच प्रश्न विचारा: ‘दुसऱ्या ओळीतला 6 कुठून आला?’ शेजाऱ्याला दबक्या आवाजात समजावून सांगायला सांगितलं तर आणखी चांगलं. प्रत्येक ओळीवर प्रश्न मात्र नको, त्यानेही गर्दी होते.

५. पायऱ्या शेवटाकडून गाळत जा

पूर्ण उदाहरणावरून थेट कोऱ्या गणितावर उडी मारली की मधली मुलं पडतात. पुढची दोन उदाहरणं अर्धवट ठेवा:

```
5(x − 3) + 4 = 19        4(x − 5) + 6 = 18
5x − 15 + 4  = 19        4x − 20 + 6  = 18
5x − 11      = 19        4x − 14      = 18
5x           = 30        4x           = ____
x            = ____      x            = ____
```

तिसऱ्यात, 6(x − 2) + 5 = 17 मध्ये, कंस सोडवलेली ओळ तेवढी द्या आणि बाकी मुलांवर सोडा. चौथं 3(x − 5) + 8 = 14 पूर्ण कोरं. उत्तरं अनुक्रमे 6, 8, 4 आणि 7 येतात.

शेवटची पायरी आधी गाळायची, पहिली नाही. जर्मनीतले अलेक्झांडर रेंकल आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली पायऱ्या हळूहळू गाळण्याची तुलना केली, तेव्हा मागून गाळत येणं जास्त सोयीचं ठरलं. कारण वर्गात सहज दिसतं. शेवटची पायरी रिकामी असली की मुलाने आधीचं सगळं वाचलेलं असतं आणि त्याला एकच छोटी गोष्ट करायची असते. पहिलीच रिकामी असली तर तो सगळ्यात अवघड जागी, काहीही हातात नसताना उभा राहतो.

इथे घाई होते ती अशी: दोन हुशार मुलं भराभर भरून मोकळी होतात आणि आपल्याला वाटतं वर्ग तयार झाला. दुसऱ्या अर्धवट उदाहरणापाशी एकदा थांबून मागच्या बाकांवर फिरून या.

६. कागदावरून आणि तोंडून काय काढायचं

कोपऱ्यातली कार्टून, रंगीत चौकटी, ‘गणितज्ञ भास्कराचार्य’ अशी माहितीची पट्टी हे सगळं या कागदावर नको, दुसऱ्या दिवशी सांगा. कागदावर जे छापलं आहे तेच जसंच्या तसं मोठ्याने वाचूही नका. मूल वाचत असताना तुमचा आवाज त्याच शब्दांनी कानावर पडला की दोन्ही जुळवण्यातच ते अडकतं. बोलायचंच असेल तर ओळीवर बोट ठेवून, छापलेलं नाही ते बोला.

बोललेलं लगेच विरून जातं, हाही मुद्दा त्याला जोडूनच येतो. लांबलचक तोंडी स्पष्टीकरणाचं पहिलं वाक्य तिसऱ्या वाक्यापर्यंत उरत नाही. म्हणून फळ्याच्या डाव्या भागात सोडवलेलं उदाहरण तास संपेपर्यंत राहू द्या आणि उजव्या भागातच खोडाखोड करा. डस्टर हातात आला की आपण सवयीने सगळा फळा पुसतो, तेवढं टाळा.

७. भार जास्त झाला, की मुळात चुकीचं समजलं?

ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. ओळखण्यासाठी दोन साधनं पुरतात.

पहिलं साधन चुकीचं उत्तर. 2(x − 4) + 3 = 9 चं बरोबर उत्तर 7 आहे. हे आकडे निवडले आहेत ते यासाठी की इथे प्रत्येक नेहमीची चूक वेगळं पूर्णांक उत्तर देते. मुलाने 5 लिहिले तर त्याने कंसातल्या पहिल्याच पदाला गुणलं आहे, म्हणजे 2x − 4 + 3. 10 आले तर −8 + 3 चे −11 केले आहेत. 2 आले तर 5 मिळवायच्या जागी वजा केले. 12 आले तर 2x = 14 मधून 2 ने भागायच्या जागी 2 वजा केले. वहीत पायऱ्या नसल्या तरी उत्तरावरून कळतं. तुमची स्वतःची गणितं बनवतानाही आकडे ठरवण्याआधी या चारही चुका एकदा करून बघा. दोन चुकांचं एकच उत्तर येत असेल तर आकडे बदला.

दुसरं साधन म्हणजे मुलालाच विचारणं. फ्रेड पास या संशोधकाने १९९२ साली नऊ पायऱ्यांची एक साधी पट्टी वापरली: हे करताना डोक्याला किती ताण द्यावा लागला, १ म्हणजे अगदीच कमी आणि ९ म्हणजे अतोनात. गणिताच्या शेजारी एक छोटा चौकोन छापा आणि आकडा लिहून घ्या. उत्तर चूक आणि आकडा ७-८ असेल तर भार जास्त झालाय, एक पायरी मागे जा, आणखी एक सोडवलेलं उदाहरण द्या. उत्तर चूक आणि आकडा २ असेल तर गोष्ट निराळी. त्या मुलाला आपलं बरोबरच आहे अशी खात्री आहे, म्हणजे चुकीचा नियम पक्का बसलाय. त्याला सोपं गणित देऊन उपयोग नाही, ताळा करायला लावा आणि डावी बाजू 9 येत नाही हे त्याच्याच हाताने दिसू द्या.

सगळ्या वर्गाच्या चुका एकाच ओळीवर साचल्या असतील तर दोष कागदाचा. विखुरलेल्या असतील तर एकेका मुलाकडे बघा.

८. आधार कधी काढायचा

सोडवलेली उदाहरणं औषधासारखी आहेत, गरज संपली तरी चालू ठेवली तर बाधतात. ज्याला रीत आली आहे त्याला छापलेल्या पायऱ्या वाचणं हेच ओझं होतं, कारण स्वतःच्या डोक्यातली रीत आणि कागदावरची रीत त्याला ताडून बघावी लागते. स्लावा काल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याचा सविस्तर आढावा घेतला. नवख्याला जे उपयोगी पडतं तेच जाणत्याच्या वाटेत येतं, असा त्याचा सारांश.

कोण कुठे आहे हे कळायला मोठी परीक्षा नको. 5(x − 2) + 3 = 28 फळ्यावर लिहा आणि सांगा, पुढची फक्त एक ओळ लिहा, अर्ध्या मिनिटात. ज्याने 5x − 10 + 3 = 28 लिहिलं तो अजून पायरीपायरीने चाललाय. ज्याने थेट 5x = 35 लिहिलं त्याच्या डोक्यात मधल्या पायऱ्या एक होऊन बसल्या आहेत, त्याला कागदाची मागची बाजू द्या. तिथे नुसती गणितं असू द्यात, आणि बांधणीही बदला: 7 = 2(x + 3) − 5, किंवा दोन्ही बाजूंना x असलेली. ज्याचं पान कोरंच राहिलं तो पुन्हा तिसऱ्या पायरीवर. साठ मुलांच्या वर्गातही हे एका फेरीत होतं.

एक मर्यादाही लक्षात असू द्या. ही पद्धत रीत बसवण्यासाठी आहे. ‘समान चिन्ह म्हणजे काय’ यासारख्या कल्पनेवर मुलांनी आधी धडपडावं आणि मग शिक्षकाने उलगडून सांगावं, याच्या बाजूने मनू कपूर यांच्यासारख्या संशोधकांचं कामही आहे. त्यासाठी एखादा वेगळा तास राखून ठेवा. दोन्ही एकाच तासात कोंबू नका.

९. शाब्दिक उदाहरणं वेगळ्या दिवशी

‘आईचं वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा 4 ने जास्त आहे, दोघींच्या वयांची बेरीज 48, तर मुलीचं वय किती?’ इथे मुलाला आधी मराठी वाक्य उलगडायचं असतं, x कुणाला मानायचं ते ठरवायचं असतं आणि मग समीकरण सोडवायचं असतं. कालच शिकलेली रीत अजून कच्ची असताना हे तिन्ही एकत्र आलं तर तुम्ही शिकवलेलं सगळं गेल्यासारखं दिसतं.

पहिल्या दिवशी अशी सहा उदाहरणं द्या आणि सांगा, सोडवायचं नाही, फक्त ‘मुलीचं वय x मानू’ ही ओळ आणि समीकरण लिहायचं. पहिली दोन तुम्ही भरून द्या, पुढच्या दोनांत x ची ओळ देऊन समीकरण मुलांवर सोडा, शेवटची दोन कोरी. वरच्या उदाहरणात वहीत x + (3x + 4) = 48 आलं की तिथेच थांबवा. काही मुलं x = 11 पर्यंत जाऊन येतील, त्यांना अडवू नका, पण तपासताना बरोबरची खूण समीकरणालाच द्या.